सहा महिन्यांचे गुरव

दाजींना कुणी धंदा विचारला की ते आधी विचारणाऱ्याकडे बघतात आणि मग म्हणतात, "सध्या रिक्षा." सध्या या शब्दावर जरा जास्त जोर असतो. मालवण-तारकर्ली रस्त्यावर ही 'सध्या' साडेअकरा वर्षं चालते. मग सहा महिने रिक्षा खळ्यात ताडपत्रीखाली जाते, दाजी सोवळं नेसतात आणि आमच्या गावच्या देवाचे गुरव होतात. उरलेल्या काळातही ते गुरव असतात म्हणा, पण ते भांडणापुरते.

याचं गणित असं. आमच्या देवळात पूजेचा मान गुरवांच्या चार घरांकडे, पाळीने. दिवाळीच्या पाडव्याला किल्ली घ्यायची, पुढच्या पाडव्याला दुसऱ्या घराच्या हातात द्यायची. म्हणजे प्रत्येक घराला चौथं साल. दाजींच्या आज्यापर्यंत हे सुरळीत होतं. आज्याला तीन झिल झाले, तेव्हा प्रत्येकाला बारावं साल आलं. दाजींच्या बापाला दोन झिल. आता चोविसाव्या सालापर्यंत थांबायचं तर मध्ये माणूसच जायचा, म्हणून दोघा भावांनी बारावं साल मधोमध कापून घेतलं. पूजेची पाळी ही वडिलोपार्जित मिळकत, जमिनीसारखीच वारसांत वाटायची, हे कोर्टंही मानत आली आहेत. पण जमिनीचे फार बारीक तुकडे होऊ नयेत म्हणून 1947 साली तुकडेबंदीचा कायदा आला. देवाच्या बाबतीत तशी सोय कुणी केली नाही. दाजींना दोन झिल आहेत. त्यांच्या वाट्याला तीन-तीन महिने येतील.

पाळीत काय मिळतं? मुख्य म्हणजे नारळ. भाविकाने दिलेला नारळ गुरवाने फोडायचा, एक कवड परत द्यायची, एक ठेवायची. शिवाय ओटीचे तांदूळ, खण आणि ताटातले पैसे. त्या बदल्यात पहाटेचं पाणी, दिवा, नैवेद्य, सांजवात, उत्सवाला तरंगं काढणं, आणि हे सगळं एकही दिवस न चुकता. मात्र सगळे महिने सारख्या किमतीचे नसतात. कार्तिक-मार्गशीर्षात जत्रा असते, फाल्गुनात शिमगा. चतुर्थीला चाकरमानी येतात आणि मुंबईतला अपराधीपणा नारळाच्या रूपाने फेडून जातात. आषाढात मात्र गाभाऱ्यात देव, गुरव आणि गळणारं कौल एवढेच तिघे असतात.

2022 च्या पाडव्याला दाजींच्या घराची पाळी आली, आणि कोणते सहा महिने कुणाचे यावर दोघे भाऊ अडले. शेवटी देवालाच विचारायचं ठरलं. आमच्याकडे देवाच्या अंगावर उजव्या-डाव्या बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवतात, गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारतात आणि कोणती बाजू आधी पडते ते बघतात. छपरावर असतं तेही कौल आणि हाही कौल. दाजींना दोन्ही कधी ना कधी डोक्यावर पडण्याची भीती असते. गुरवाने स्वतःच्याच भांडणाचा कौल लावायचा नसतो, म्हणून दुसऱ्या घरचा गुरव बोलावला. पाकळ्या लागल्या, गाऱ्हाणं झालं, गाव श्वास रोखून बसला. तेवढ्यात दाजी ओरडले, "फॅन बंद करा आदी!"

फॅन एका चाकरमान्याने देवाला दिलेला होता, पात्यावर नावासकट. त्याचा वारा नेमका उजवीकडून येई. दाजींचं या शास्त्रातलं ज्ञान खोल आहे. पाकळी पडते ती सुकल्यावर. वाऱ्याकडची आधी सुकते, गुलाबाची जड म्हणून लवकर घसरते, आणि पावसाळ्यात दगडच घामेजलेला असल्याने पाकळी तासभर हलत नाही. "सुकाक नाय तर पडतली कशी?" असा त्यांचा सवाल असतो. हे सगळं माहीत असलेला माणूस कौलावर विश्वास ठेवतो का, असं मी एकदा विचारलं. दाजी माझ्याकडे कीव आल्यासारखं बघत राहिले. "पावस कशान पडता ता तुका शाळेत शिकवलानी ना? मगे तू पावसाक नमस्कार करणंस नाय?" मी करत नाही, पण ते सांगायची हिंमत झाली नाही.

फॅन बंद करून पुन्हा लावलेल्या कौलात दाजींना कार्तिक ते चैत्र मिळाले. जत्राही आली, शिमगाही आला. दाजींनी पेढे वाटले. घरी जाऊन कालनिर्णय उलटलं आणि पेढे घशात अडकले: 2023 ला श्रावण अधिक! भावाच्या वैशाख ते आश्विनात एक महिना फुकटचा घुसला होता. दाजींचे सहा, भावाचे सात. दाजींनी गावकीला विचारलं, अधिक महिना सामाईक धरायचा की नाही? गावकीने सांगितलं, महिना ज्याच्या दारात पडला त्याचा. शेजाऱ्याच्या माडाचा नारळ आपल्या आवारात पडला तर हा नियम चालत नाही, हे दाजींनी दाखवून दिलं. उपयोग झाला नाही.

त्यात सुतकाची धास्ती. चारही घरं एकाच भावकीची. भावकीत माणूस गेलं की दहा दिवस कुणालाच गाभारा नाही. शेजारच्या गावचा गुरव येऊन पूजा करतो आणि कवडी घेऊन जातो. त्या कार्तिकात दाजींचे एक नव्वदीचे चुलते अंथरुणाला खिळलेले. साडेअकरा वर्षांत त्यांच्या पडवीत न चढलेले दाजी जत्रेआधी रोज सकाळ-संध्याकाळ तिथे. पेज भरवत, पाय चेपत, ताडपत्री काढून रिक्षाने दोनदा डॉक्टरकडे नेत. चुलत्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "सख्ख्या झिलान केला नाय ता तू केलंस," ते म्हणाले. जत्रा पार पडली. चुलते अजून आहेत, आणि दाजी त्यांच्याकडे का येत नाहीत असं येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारतात.

आणि इतकं जपलेल्या त्या जत्रेत ताट मात्र हलकंच राहिलं. देवस्थान कमिटीने गाभाऱ्याबाहेर क्यूआर कोड लावला होता. पर्यटक हात जोडायचे, मोबाईल काढायचे, आणि पैसे थेट कमिटीच्या खात्यात. दाजींनी ताट कोडाच्या बरोबर समोर सरकवून पाहिलं. लोकांनी ताट बाजूला करून कोड टिपला. 2014 साली सुप्रीम कोर्टाच्या निकालाने पंढरपुरात बडवे-उत्पातांचे हक्क संपले, तेव्हा पेपर वाचून दाजी दोन दिवस गप्प होते. "थंय कोर्ट लागला," ते आता म्हणतात, "हंय एक स्टिकर पुरलो."

पाळीबाहेरचं एक काम मात्र त्यांना सुटलेलं नाही. आमच्या गावात गाऱ्हाणं घालायला पाळी लागत नाही, आवाज लागतो. परवा एका पोराच्या स्कूबाच्या होडीचा मुहूर्त होता. दाजींनी रिक्षा कडेला लावली, खाकी शर्टावरच टॉवेल घेतला आणि सुरू झाले: "बा देवा म्हाराजा, आज ह्या तुझ्या लेकरान होडी घेतल्यान हा..."

"होय म्हाराजा!"

"तिका गिऱ्हाईक घाल, आणि इल्लेल्या गिऱ्हाईकाक होडयेत उलटी होव नको, असां कर रे म्हाराजा..."

"होय म्हाराजा!"

पोराने दक्षिणेसाठी मोबाईल काढला. दाजींनी रिक्षाच्या काचेवरच्या कोडाकडे बोट दाखवलं. आधीचं भाडं आणि देवाचं गाऱ्हाणं एकाच खात्यात गेलं.

परत येताना मी मागे बसलो होतो. पुढच्या पाळीला महिने उलट मिळायचे, असं भावाभावांत ठरलेलं आहे. वैशाख ते आश्विन आता दाजींचे. "मगे बरा झाला," मी म्हटलं, "तुमकाय अधिक गावात."

दाजींनी रिक्षाच थांबवली. "अधिक म्हयनो एकोणीस वर्सांनी फिरून थंयच येता. 2015 ला अधिक आषाढ होतो. एकोणीस मिळव."

"2034."

"आमच्या घराची पाळी 2034 च्या पाडव्याक सुरू. अधिक आषाढ त्याच्या आदी, पयल्या पाळयेत." त्यांनी बोटं दुमडली. निज आषाढ, श्रावण, भादवो, आश्विन. "चार म्हयन्यांन चुकलो," म्हणाले, आणि गिअर टाकला.