एक लाख अडतीस हजारांची गोष्ट

जीएसटीची नोटीस वाचायची आपल्याकडे ठरलेली रीत आहे. आधी आकडा बघायचा, मग टेकायला खुर्ची शोधायची, मग सीएंना फोन लावायचा. मधली पानं कोणी वाचत नाही. ती वाचली जाऊ नयेत, याची काळजी लिहिणाऱ्यानेही पुरेपूर घेतलेली असते.

आमच्या पेठेतल्या हार्डवेअरवाल्या शेठना 25 नोव्हेंबर 2024 ला अशी नोटीस निघाली. मामला 2020-21 चा. इतकी वर्षं फाइल गाढ झोपेत होती, पण कलम 73 खाली त्या वर्षाचा आदेश 28 फेब्रुवारी 2025 पर्यंत काढायचा आणि नोटीस त्याच्या तीन महिने आधी द्यायची, असा नियम. तेव्हा मुदत सरायच्या आठवड्यात फाइल खडबडून जागी झाली.

शेठना मात्र जाग आली 7 डिसेंबरला. त्यांचा हिशेबनीस पोर्टलवर `View Notices and Orders` मध्ये बघायचा, आणि नोटीस बसली होती शेजारच्या `View Additional Notices/Orders` मध्ये. पोर्टलवर चढली की मिळाली, असं कायदा धरतो. तीस दिवस मोजायचे ते 25 नोव्हेंबरपासून.

डीआरसी-01 च्या तक्त्यात बेरीज होती 1,38,656. शेठ तेवढंच वाचून घामाघूम. वास्तविक यात तीन वेगळ्या रकमा होत्या. कर 72,000, निम्मा केंद्राचा, निम्मा राज्याचा. व्याज 46,656. आणि दंड 20,000. कराच्या दहा टक्के म्हणजे 7,200 होतात, मग वीस हजार कुठून आले? दहा टक्के किंवा दहा हजार, यातलं जे जास्त ते, आणि तेही केंद्राच्या कायद्याखाली वेगळं, राज्याच्या वेगळं. तीस दिवसांत कर आणि व्याज भरलं तर हा दंड मुळीच लागत नाही. पण हे कलम 73 आहे म्हणून. तिथे 74 असतं, म्हणजे फसवणुकीचा आरोप, तर तीस दिवसांत भरूनही पंचवीस टक्के दंड चुकला नसता. बेरजेआधी कलम बघावं ते यासाठी.

मग कारण. सहा पानं कलमं उतरवल्यावर सातव्या पानावर एक वाक्य सापडलं: 3बी मध्ये घेतलेलं क्रेडिट 2ए मध्ये दिसणाऱ्या क्रेडिटपेक्षा 72,000 ने जास्त आहे. झालं, एवढंच. कोणत्या पुरवठादाराचं, कोणत्या बिलाचं? ‘सोबतच्या यादीप्रमाणे’. यादी सोबत नव्हती. तरी हे वाक्य शेठच्या कामाचं, कारण कलम 75(7) प्रमाणे आदेश नोटिशीतल्या रकमेच्या वर आणि नोटिशीतल्या कारणाच्या बाहेर जाऊ शकत नाही. ‘माल आलाच नाही’ असा मुद्दा साहेबांना ऐनवेळी सुचला, तरी तो या नोटिशीवर चालत नाही.

यादी शेवटी हिशेबनिसानेच बनवली. 41,000 चं क्रेडिट सिमेंटच्या मार्चमधल्या बिलाचं, पुरवठादाराने ते बिल पुढच्या वर्षाच्या विवरणपत्रात दाखवलेलं. 19,000 क्रेडिटच्या बिलांवर शेठचा जीएसटी नंबर न टाकता ती किरकोळ विक्रीत ढकललेली. उरलेल्या 12,000 चा पुरवठादार दुकान बंद करून परागंदा. म्हणजे झगडायचं ते साठ हजारांवर. बारा हजार डीआरसी-03 ने भरून टाकायचे. व्याजातही मेख होती: चुकीचं क्रेडिट वापरलं तरच व्याज लागतं, नुसतं घेतल्याने नाही. म्हणून क्रेडिट लेजरमधली शिल्लक त्या रकमेखाली कधी गेली होती का, हे तपासायला लागलं. नोटिशीने सरसकट पहिल्या दिवसापासून लावलं होतं.

कागद मागितले होते ते ‘खरेदीची सर्व बिलं, ई-वे बिलं, बँकेचे उतारे इत्यादी’. या ‘इत्यादी’पायी शेठनी तीन गोणी कागद टेम्पोत भरायला काढले. सीएंनी थांबवलं. वादातल्या बिलांना पुरेल तेवढंच द्यायचं: बिल, माल आल्याची पावती, बँकेतून पैसे गेल्याची नोंद, आणि कर भरल्याचं पुरवठादाराचं प्रमाणपत्र.

तारखांचा थाट तर निराळाच. उत्तर द्यायचं 25 डिसेंबरपर्यंत, म्हणजे नाताळच्या सुट्टीत. सुनावणी मात्र 16 डिसेंबरला. आधी म्हणणं ऐकून घ्यायचं, मग ते लिहून मागायचं! सीएंनी तारीख वाढवून मागितली. अशी मुदत तीनदापर्यंत मिळू शकते. डीआरसी-06 भरताना प्रत्यक्ष सुनावणी हवी का, या चौकोनात त्यांच्या उमेदवाराने सवयीने ‘नाही’वर टिचकी मारली होती. सीएंनी त्याचा कान धरून ‘हो’ करवलं.

सुनावणीला साहेबांनी फाइल उलटीसुलटी केली, चष्मा पुसला आणि एकच कागद मागितला: नोटिशी‘सोबतची’ ती पुरवठादारांची यादी. त्यांच्याकडेही नव्हती.