बरोबर उत्तराचा कंटाळा

शाळेत बरोबर उत्तर मिळालं की बहुतेक शिक्षकांचा चेहरा खुलतो. आमच्या पहिलीच्या मॅडमचा पडतो. मुलानं आठाला गोल केलेला दिसला की त्या नुसतं ‘हं’ म्हणतात आणि कागद उलटा ठेवतात. साताला गोल दिसला की खुर्ची पुढे ओढतात, चष्मा वर सरकवतात आणि स्टाफरूमला ऐकू जाईल एवढ्यानं म्हणतात, “वा बेटा, भारी चुकला!” नव्यानं बदलून आलेल्या शिक्षकांना हा टोमणा वाटतो. तो टोमणा नसतो. मॅडम खरोखरच खूश झालेल्या असतात.

नागपूरच्या कुठल्याही मराठी शाळेत अशा एक मॅडम सापडतील. ओळखायची खूण म्हणजे पर्समध्ये टिकल्यांची पाकिटं. सीताबर्डीच्या दुकानदाराला वाटतं, बाईंना नटण्याची भारी हौस. प्रत्यक्षात मॅडमच्या कपाळावर एकच टिकली असते, तीही कधीकधी राहून जाते. बाकीच्या कागदावर चिकटतात. मॅडमची चित्रकला यथातथा. त्यांनी काढलेलं संत्रं टमाट्यासारखं दिसतं आणि टमाटं बघून वर्गातली पोरं भाजीची चर्चा सुरू करतात. टिकलीबद्दल मात्र कुणाचा वाद नसतो. ती गोल असते, सगळ्या एकसारख्या असतात आणि मोजता येतात. मूळ कागद असा एकदा तयार झाला की बाकीचं झेरॉक्सवाला बघतो.

कारण मॅडमची चाचणी चित्रांचीच असते. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या शेवटी उघडतात. तान्हा पोळा येईपर्यंत पहिलीच्या पोरांना जेमतेम काही अक्षरं ओळखू येऊ लागलेली असतात. अशा पोरापुढे ‘एका टोपलीत ५ संत्री आहेत, आईने आणखी ३ आणली’ असं छापलेलं ठेवलं, तर ते ‘टोपलीत’लाच अडखळतं आणि जागा कोरी सोडतं. मॅडमचा राग या कोऱ्या जागेवर आहे. “कोरी जागा काय सांगते? त्याला बेरीज येत नाही की ‘ट’ येत नाही? चुकीचं उत्तर दिलं असतं तर निदान काही बोलला तरी असता!”

म्हणून मॅडमच्या कागदावर शब्द नाही. मुलाचं नावसुद्धा त्या आधीच लिहून ठेवतात. अर्ध्या कागदावर चार आडव्या रांगा. रांगांना क्रमांकही नाही, कारण ‘तिसरा प्रश्न’ शोधण्यात गणिताच्या आधीच गणित होतं. प्रत्येक रांगेच्या सुरुवातीला एक चित्र: मासा, छत्री, पतंग, पोपट. मॅडम म्हणतात, “माशावर बोट ठेवा.” सगळी बोटं माशावर गेली की नाही हे फिरून बघतात, प्रश्न सावकाश दोनदा सांगतात, मनातल्या मनात वीसपर्यंत मोजतात, मग छत्रीकडे जातात. दहा मिनिटांत खेळ खलास. आमच्या चौथीच्या सरांना पेपर वाटायलाच तेवढा वेळ लागतो.

खरी कारागिरी चुकीच्या उत्तरांत असते. बरोबर उत्तर मॅडम उभ्या उभ्या लिहून टाकतात, चुकीची दोन शोधायला मात्र रात्र घालवतात. माशाच्या रांगेत सहा टिकल्या आणि पुढे तीन अंक: ६, ३ आणि ५. पाचाला गोल केला तर पोरानं एक टिकली गाळली, म्हणजे मोजणं कच्चं. तिनाला केला तर मोजणं पक्कं असू शकतं, पण ३ आणि ६ ही एकमेकांची आरशातली रूपं असल्यानं अंकाचं तोंड कुठल्या बाजूला हे ठरलेलं नाही. एकाला टिकल्या बोटानं सरकवून मोजायला द्यायच्या, दुसऱ्याला पाटीवर अंक गिरवायला. दोघांनाही ‘चूक’ म्हणून एकाच रांगेत बसवलं, तर एकाचा तास फुकट जातो.

छत्रीच्या रांगेत संत्र्यांच्या दोन ओळी. वर पाच, ऐसपैस पसरलेली. खाली सहा, दाटीवाटीनं. जास्त कुठं? कित्येक पोरं न मोजता लांब ओळीला गोल करतात. जाँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञानं मुलांपुढे अशाच ओळी मांडून दाखवलं होतं, की लहान मूल संख्येऐवजी ओळीची लांबी पाहतं. मॅडमनी यात एकच भर घातली. सगळी संत्री एकाच आकाराची ठेवली. पूर्वी खालची संत्री मोठी निघाली होती, तेव्हा एका पोरानं सांगितलं, “मॅडम, हे मोठं संत्रं हाय, त्यातच जास्त रस हाय.” उत्तर गणिताचं नसलं तरी कळमन्याच्या बाजारात बरोबर ठरलं असतं.

पतंगाची रांग मॅडमची लाडकी. झाकलेली टोपली, तिच्यावर ५ लिहिलेले. बाहेर तीन संत्री. सगळी मिळून किती? पुढे ८, ७, ३. टोपली उघडी ठेवली असती, तर पोरांनी एकापासून सगळी मोजली असती आणि पाचाच्या पुढे मोजता येतं का, हे कळलंच नसतं. झाकण त्यासाठी. आता तिनाला गोल करणारं पोर दिसतं तेवढंच मोजतं, टोपलीतली पाच त्याच्या हिशेबी नाहीतच. सात म्हणणारं पोर टोपली विसरत नाही, पण बाहेरच्या पहिल्या संत्र्यालाच ‘पाच’ म्हणतं: पाच, सहा, सात. 

तान्ह्या पोळ्यानंतरच्या आठवड्यात अठ्ठावीस पोरांनी ही चाचणी दिली. लाकडी नंदी अजून दप्तरातच होते. खरं तर पतंगाच्या रांगेत मॅडमना नंदीच घ्यायचे होते, पण कच्च्या कागदावर त्यांनी ‘किती?’ एवढंच विचारलं, तेव्हा घरच्या भाच्यानं चाकं मोजून बारा सांगितले. तीन नंदींची चाकं बाराच होतात. मॅडमनी भाच्याची पाठ थोपटली, नंदी खोडले आणि संत्री आणली.

संध्याकाळी मॅडमनी स्टाफरूमच्या टेबलावर पतंगाचे तीन ढीग लावले. आठ: सतरा. सात: आठ. तीन: तीन. गुण नाहीत, शेरा नाही, लाल पेन तर मॅडमकडे नाहीच. “निम्म्यांच्या वर चुकले असते तर उद्या सगळ्या वर्गाला परत शिकवलं असतं. एवढ्यांसाठी गट पुरतो.” सातवाल्या आठांसाठी बाटल्यांची झाकणं आणि एक कप. कपाखाली पाच झाकणं. कपावर हात ठेवून ‘पाच’ म्हणायचं, हात उचलायचा आणि पुढच्या झाकणाला ‘सहा’. चूक असते ती हात उचलण्याच्या त्या एका क्षणात, म्हणून तिथंच थांबायचं. तीनवाल्या तिघांसाठी कप उचलून झाकणं दाखवायची, परत झाकायची, आत किती ते विचारायचं.

आठवाल्या सतरा जणांना तरी सोडतील, असं आम्हाला वाटलं. पण तिनांतून एक निवडायचं म्हटलं की आंधळा गोलसुद्धा तीन वेळांत एकदा बरोबर बसतो, हे मॅडमच्या डोक्यातून जात नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या ढिगातून चौघांना जवळ बोलावलं. 

“काहून रे, आठ कसे झाले?” 

पहिल्यानं बोटांवर करून दाखवलं. दुसरी म्हणाली, “पाचाच्या पुढं मोजलं ना मॅडम.” तिसऱ्यानं शेजाऱ्याकडे मान वळवली. चौथा म्हणाला, “मले आठच आवडते.” मॅडमनी दोन कागद ढिगातून काढले आणि आमच्याकडे विजयी नजरेनं पाहिलं. बरोबर उत्तरांवरचा त्यांचा अविश्वास पुन्हा एकदा सिद्ध झाला होता.

मुख्याध्यापकांची अडचण वेगळी. शिक्षण हक्क कायद्यानंतर, २० ऑगस्ट २०१० च्या शासननिर्णयानं आकारिक मूल्यमापन आलं आणि त्यासोबत नोंदवहीही आली. सरांना नोंदवहीत श्रेणी हवी असते, मॅडम त्यांच्यापुढे ढीग ठेवतात. सर म्हणतात, “मॅडम, ढीग फाईलला लागत नाही.” मॅडम म्हणतात, “सर, श्रेणी कपाखाली मावत नाही.” शेवटी मॅडम वर्णनात्मक नोंद लिहितात: ‘पुढे मोजताना सुरुवातीचा अंक पुन्हा मोजतो.’ सर ती वाचतात, सुस्कारा सोडतात आणि सही करतात.

अशात केंद्रप्रमुख भेटीला आले. त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला, “वर्गाचा निकाल किती?” मॅडमनी निकालाऐवजी चाचणीचा कोरा कागद आणि पेन्सिल पुढे केली. साहेब मोकळ्या मनाचे. म्हणाले, “आण बापा, आपण बी पाहून घेऊ.” मासा, छत्री, पतंग सुटले. राहिली पोपटाची रांग. फांदीवर पाच पोपट, हवेत दोन उडताना. मॅडमचा प्रश्न: “सात पोपट होते, दोन उडाले. किती उरले?” पुढे ५, ७, २. साहेबांनी जरा विचार करून साताला गोल केला.

स्टाफरूम गप्प. मुख्याध्यापकांनी खिडकीबाहेर पाहायला सुरुवात केली. 

“कसे सात, सर?” मॅडमचा आवाज एकदम मऊ.

“दिसून राहिले ना सात! पाच बसले, दोन उडून राहिले. कुठं गेले? इथंच तर आहेत.”

मॅडमनी कपाट उघडून पोपटाचे ढीग काढले. सातवाले चौघे होते आणि त्यांना ‘वजाबाकी समजत नाही’ या गटात टाकलेलं होतं. नोकरीत आयुष्य गेलेला माणूसही तेच करत असेल, तर दोष पोरांच्या वजाबाकीत नसून चित्रात होता. गेलेले पोपट कागदावरच होते आणि जे दिसतं ते मोजायचं हेच तर मॅडमनी दोन महिने शिकवलं होतं. त्यांनी तिथल्या तिथे मूळ कागदावर उडणाऱ्या पोपटांना पांढरा रंग फासला आणि फांदीवर सात पोपट काढून त्यांतल्या दोघांवर फुली मारली. मग थांबल्या. फुली म्हणजे ‘गेला’ हे तरी पोरांना कुणी सांगितलं? फुलीचा खेळ आधी फळ्यावर घ्यावा लागणार होता. त्या चौघांचे कागद त्यांनी गटातून काढून बाजूला ठेवले, त्यांच्यावर साहेबांचा कागद ठेवला आणि वहीत तारीख टाकून लिहिलं: ‘पोपट रद्द. पुन्हा चाचणी.’

इतक्या खुशीत आम्ही त्यांना निवृत्तीच्या समारंभातही पाहिलं नसतं. साहेबांना चहा आला, तर्रीपोहे आले. पण त्यांचं लक्ष कपाटाकडेच. निघताना मुख्याध्यापकांना बाजूला घेऊन त्यांनी हळूच विचारलं, “माझा कागद फाईलला तर नाही ना लागत?”

“नाही सर,” मॅडम आतूनच म्हणाल्या, “पण सोमवारी फुलीचा खेळ घेऊन राहिले. जमलं तर येऊन जा.”