बूट काढ, फोटो घ्यायचाय

तालुक्याच्या गावातली एक पोरगी लांब उडीत पदक घेऊन आली आणि आमच्याच पेशातला एक संवेदनशील इसम तिची मुलाखत घ्यायला गेला. दारातच त्याचा अपेक्षाभंग झाला. घराला स्लॅब. वडील शाळेत हेडक्लार्क, आई शिवणाचे क्लास घेते, अंगणात स्कूटर आणि चपलांच्या स्टँडवर पोरीच्या स्पाइक्सचे चक्क दोन जोड. त्याने शेवटच्या आशेने विचारलं, ‘काका, कधी उपाशी झोपलात का?’ काका म्हणाले, ‘एकादशीला.’

मार्ग छायाचित्रकाराने काढला. मैदानावर नेऊन तो पोरीला म्हणाला, ‘बाळा, बूट काढ जरा.’ तिने काढले. मोजेही काढायला लावले, कारण मोजे असलेला माणूस फोटोत फारसा गरीब दिसत नाही. रविवारी मथळा आला: ‘अनवाणी पावलांची उत्तुंग गरुडझेप!’

आता गरुडाचं बघू. लांब उडीत फळीवरून सुटताना अंग साधारण वीस अंशांच्या कोनात वर जातं, त्याहून फार नाही. जो उत्तुंग जायला बघतो, तो पळण्यातला वेग घालवून बसतो आणि अलीकडेच वाळूत आपटतो. म्हणजे मथळा खरा असता तर पदक दुसरीला मिळालं असतं.

बरं, संघर्षच हवा होता ना? तो तिथेच, त्या बुटांखाली होता. पोरगी सोळा पावलांचा रनअप घेते आणि सुरुवातीची खूण ठरवून पळते. रोजचा सराव मातीवर. माती पायाखाली किंचित सरकते, पाऊल थोडं आखूड पडतं. स्पर्धा असते सिंथेटिक ट्रॅकवर. तिथे स्पाइक्स घट्ट रुततात आणि तेच पाऊल, समजा, दोनच सेंटिमीटर लांब पडतं. सोळा दुणे बत्तीस. फळीची रुंदी असते वीस. म्हणजे गावी जो पाय फळीच्या मधोमध पडायचा, तो तिथे रेषेपलीकडे जातो. बुटाचं टोक रेषेच्या पुढे गेलं की लाल झेंडा. भीतीने अलीकडून उडावं, तर मोजणी रेषेपासूनच होते, त्यामुळे तेवढे सेंटिमीटर फुकट. आणि शेवटच्या पावलाला फळी गाठायला पाय ताणला, तर ब्रेक लागल्यासारखा वेग मरतो. पहिल्या तीन संधींत तीन लाल झेंडे, की खेळ आटोपला. पुढच्या तीन उड्या पहिल्या आठ जणींनाच मिळतात. या पोरीचा पहिला झेंडा लालच होता. तिच्या सरांनी फळीच्या सहा पावलं अलीकडे नजर ठेवली होती. तिथेच पाय पुढे पडतोय हे त्यांनी हेरलं आणि सुरुवातीची खूण सव्वा पाऊल, म्हणजे बुटाचं सव्वा माप, मागे घ्यायला लावली. दुसरी उडी पांढऱ्या झेंड्याची. पदक त्या सव्वा बुटाचं आहे. आणि तो बूटच आपण तिच्याकडून काढून घेतला, फोटोसाठी!

पुढचं तर विचारूच नका. फोटो बघून गावाचं काळीज द्रवलं. सोमवारी एका दानशूराने बूट पाठवले. मंगळवारी दुसऱ्याने, कारण पहिल्याचा फोटो छापून आला होता. आठवडाभरात घरात बुटांचे नऊ जोड आले. सगळे सकाळी फिरायला जाण्याचे, उडी मारण्याच्या कामाचा एकही नाही. तीन जोड पुरुषांच्या नऊ नंबरचे, ते हेडक्लार्क घालतात. एक जोड दोन्ही डाव्या पायांचा. तोही शाल, श्रीफळ आणि पंचेचाळीस मिनिटांच्या भाषणासह स्वीकारावा लागला. भाषणात वक्ते म्हणाले, ‘चिखलातच कमळ उगवतं.’ चिखल कुणाचा, तर हेडक्लार्कच्या घराचा! तो गृहस्थ पहिल्या रांगेत पाय जवळ घेऊन बसला होता.

मला संताप येतो तो याचा. पोरगी गरीब दाखवली की प्रश्न तिच्या घरावर ढकलता येतो आणि बुटांच्या जोडात मिटवता येतो. ती गरीब नाही म्हटलं, की विचारावं लागतं: बाई, मग तुला अडतं कुठे? तिने सांगितलंही होतं, मुलाखतीतच. तिला सरावाला खड्ड्याच्या अलीकडे चाळीस मीटर सिंथेटिक पट्टी हवी आहे आणि वारा मोजायचं यंत्र हवं आहे. पाठीमागून सेकंदाला दोन मीटरहून जास्त वारा असला तर उडी विक्रमाला धरत नाहीत, आणि यंत्रच नसेल तर कितीही लांब उडा, विक्रम म्हणून कुणी विचारत नाही. एवढं सगळं ती बोलली. संवेदनशील इसमाने ते लिहूनही घेतलं होतं, पण जागेअभावी गाळलं. कारण तिथे अनवाणी पायांचा फोटो चार कॉलम मोठा लावायचा होता.

पट्टी काही होत नाही. चाळीस मीटरची वस्तू शालीबरोबर हातात देऊन फोटो काढता येत नाही ना!