राणीचं हिरवं बंड

साधा मनी प्लांट आमच्या सोसायटीत जिन्याजिन्यावर लोंबतो. माझ्याकडचा ‘मार्बल क्वीन’ आहे, हे पाहुण्यांच्या हाती पाण्याचा पेला जाण्याआधी त्यांच्या कानी जात असे. मग एका वेलीला नखशिखान्त हिरवी पानं फुटू लागली आणि पाहुणे म्हणू लागले, “अरे वा, आमच्याकडेही हाच आहे!” याहून मोठा अपमान मला तरी ठाऊक नाही.

नर्सरीवाल्याला फोटो दाखवला. “साहेब, सगळ्याच वेली मळकट झाल्या असत्या तर उजेड कमी म्हटलं असतं. बाकीच्या पांढऱ्या आणि एकच हिरवीगार, म्हणजे ती फिरली. तिला आता उन्हात न्या नाहीतर काशीला.”

यामागचं शास्त्र माझ्या सासुरवाडीसारखं निघालं. पानाचा पांढरा भाग म्हणजे घरजावई. दिसायला गोरागोमटा, चारचौघांत मिरवायला उत्तम, पण हरितद्रव्य नसल्यामुळे मिळकत शून्य. हिरव्या पेशी राबून त्यालाही पोसतात. (मी स्वतः आठ वर्षं सासऱ्यांच्या फ्लॅटमध्ये राहतो, हे इथे गैरलागू आहे.) कधीतरी शेंड्याच्या कोंबात नुसत्या हिरव्याच पेशी उरतात. मग पुढची पानं हिरवीच येतात, आणि खाणारं तोंड नसल्यामुळे ती वेल बाकीच्यांना मागे टाकून भराभर वाढते. भरपूर उजेडात आहे तो पांढरा रंग उठून दिसतो, पांढऱ्या वेलींचाही निभाव लागतो. पण कोंबातच नसलेला पांढरा रंग उजेड तरी आणणार कुठून? हिरवं झालेलं पान तर परत फिरतच नाही.

उरली कात्री. हिरव्या वेलीवरून खाली येत येत शेवटचं चांगलं चितारलेलं पान शोधायचं आणि त्याच्या पेराच्या किंचित वर कापायचं. त्याआधी देठाच्या बगलेतला डोळा बघायचा: त्या बाजूला कांड्यावर हिरवे-पांढरे दोन्ही पट्टे हवेत, कारण नवा फुटवा तिथूनच निघतो. नुसता हिरवा पट्टा असेल तर आणखी एक पेर खाली. कुंडी पूर्वेच्या खिडकीत ठेवायची. दुपारच्या उन्हात पांढरा भाग करपून तपकिरी होतो.

कात्री हातात घेतली तेव्हा मात्र जरा वाईट वाटलं. घरातल्या सगळ्या वेलींत धडधाकट तीच होती, आणि माझ्या दिवाणखान्याची शोभा जाते म्हणून तिला आजारी मी ठरवलं होतं. पण कापली. पांढऱ्याच्या हावेपोटी सर्वांत गोरा डोळा निवडून कापली.

फुटवा आला तो पांढराफटक. मी पेढे आणायच्या बेतात होतो. नर्सरीवाला म्हणाला, “हा स्वतःचं पोट भरू शकत नाही, साहेब. हाही काढा, आणि एक पेर खाली या.”

कापलेली हिरवी वेल बायकोने स्वयंपाकघरात बाटलीत खोचली होती. ती आता फ्रिजवर चढली आहे. पांढऱ्या फुटव्याकडे बघत बायको म्हणाली, “काढू नका हो. बाबांनी तुम्हाला काढलं का?”