तेरवीचा अर्ज तीस दिवस आधी करावा

समस्त रिसोडकर भाविकांस कळविण्यात येते की, संस्थानचा सभामंडप खासगी कौटुंबिक कार्यासाठी देण्याचे नियम विश्वस्त मंडळाने एकमताने सुधारले आहेत. (एका सभासदाचे मत वेगळे होते. ते इतिवृत्तात घेतलेले नाही.) भाविकांच्या शंका वाढू नयेत म्हणून खुलासाही आम्हीच करीत आहोत.

भाडे. आजवर मंडपाचे २,१०० रुपये घेतले जात. आता दिवसाला ९,९९९ रुपये पडतील. हा आकडा लालसेने नव्हे, अभ्यासाने ठरला आहे. धार्मिक न्यासाने देवस्थानच्या आवारातला सभामंडप भाड्याने दिला, तर दिवसाला १०,००० रुपयांच्या आत जीएसटी माफ असतो. दहा हजार झाले की माफी गेली आणि १८ टक्क्यांप्रमाणे तेच कार्य ११,८०० रुपयांना पडेल. म्हणजे आम्ही एक रुपया सोडून भाविकांचे १,८०१ रुपये वाचवले. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर नोंदणीच लागत नाही, मग २,१००च राहू द्या, असे एका निवृत्त गुरुजींनी सुचवले होते. गुरुजी सध्या मंडळावर नाहीत.

सतरंज्या, भांडी आणि झाडलोट यांसाठी १,५०१ रुपयांची ऐच्छिक देणगी वेगळी राहील. तिची पावती फाडल्याशिवाय किल्ली मिळणार नाही. सक्तीची देणगी हे भाडेच असते आणि ते ९,९९९मध्ये मिळवले की दहा हजारांची मर्यादा ओलांडते, असे हिशेबनीस म्हणाले. म्हणून पावतीवर 'ऐच्छिक' हा शब्द ठळक छापला आहे.

आगाऊ नोंदणी. कोणत्याही कार्यासाठी ३० दिवस आधी अर्ज व पूर्ण रक्कम द्यावी. साखरपुडा आणि सत्यनारायण यांबाबत कुणाची तक्रार नाही. बारशाचे लोक कुरकुरले, कारण बाराव्या दिवसाचे बारसे ३० दिवस आधी ठरवायचे, तर बाळ जन्मायच्या आधीच अर्ज करावा लागतो. त्यांनी डॉक्टरांनी दिलेली अंदाजे तारीख लिहावी व त्यात बारा दिवस मिळवावेत. अर्जात 'मुलगा की मुलगी' हा रकाना आहे, तो कोरा सोडावा. गर्भलिंगनिदान गुन्हा आहे आणि मंडळ कायद्याला मानते.

तेरवीचे लोक मात्र रागावले. तेराव्या दिवसाची जागा ३० दिवस आधी कशी मागायची? त्यावर मंडळाचे म्हणणे असे की, नियम सर्वांना सारखा. वडीलधारी माणसे घरात असतात, त्यांच्या तब्येतीकडे थोडे लक्ष असले की अंदाज येतो.

रद्द करणे. पंधरा दिवस आधी कळवल्यास निम्मी रक्कम परत, सात दिवस आधी कळवल्यास पाव, त्यानंतर काही नाही. पहिले प्रकरण आलेच. एका गृहस्थाच्या मुलीचा साखरपुडा रविवारी होता. बुधवारी मेहकरला चुलतचुलते वारले. भावकीला दहा दिवसांचे सुतक लागले आणि मंडपात पाऊल ठेवणे बंद झाले. कार्याला उरले होते चार दिवस, म्हणून परतावा शून्य. "सुतक काय आमच्या हातात असतं का?" असे त्यांनी विचारले. प्रश्न रास्त वाटल्याने मंडळाने सुतकासाठी खास सवलत केली. मृत्यूचा दाखला जोडल्यास पाव रक्कम मिळेल, पण अर्ज सुतक फिटण्याच्या आत यावा. मृत्यूच्या नोंदीला कायद्याने २१ दिवसांची मुदत आहे, दुखवट्याच्या घरातून दाखल्यासाठी कोण धावणार, हे मंडळाला ठाऊक आहे. म्हणूनच दहा दिवस ठेवले.

मयताशी नाते सिद्ध करण्यासाठी वंशावळ लागेल. जातपडताळणीसाठी काढलेली चालेल. सुतक सात पिढ्यांपर्यंत धरतात, त्यामुळे सातवी पिढी स्पष्ट दिसावी.

दुसरे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे. नव्या नियमाला मान देऊन एका आज्ञाधारक कुटुंबाने आजोबा दवाखान्यात असतानाच ११,५०० रुपये भरून तेरवीची तारीख घेतली. आजोबा बरे झाले. घरी आले, पावती पाहिली, चष्मा पुसून पुन्हा पाहिली आणि स्वतःच काठी टेकत कार्यालयात पैसे परत मागायला आले. तोवर कार्याला पाच दिवस उरले होते.

मंडळाने खेद व्यक्त केला. रुग्ण बरा होणे हे नियमावलीत रद्द करण्याचे सबळ कारण धरलेले नाही. तथापि सहानुभूतीपूर्वक विचार करून असे ठरले की, ठरलेली तारीख त्याच कुटुंबातील दुसऱ्या सदस्याच्या नावे वर्ग करता येईल. वर्ग शुल्क ५०१ रुपये. अर्जावर त्या सदस्याची सही आवश्यक.