आधी कोणाच्या पाया लागू?

"काऊन व ताई, कालच्या वरातीनं झोपू देल्लं का?"

"झोपते कशाची! पहाटे पाचले तर मी त्यांच्याच घरी होती. थोरल्या सुनेनं हाक मारली, पाहुण्यांच्या चहाले हात पाहिजेत म्हणे."

"म्हणजे नवरी पाह्यली तू! सांग ना व."

"नवरी चारलाच जागी होती. खोलीत बसून होती बिचारी, बाहेर निघायची हिंमत नाही. थोरलीनं दार हळूच वाजवलं अन् मागच्या दारानं सांदवाडीतून न्हाणीघरात नेलं. गरम पाण्याची बादली आधीच ठेवली होती. ओसरीत पाहुणे उठायच्या आत पोरीची आंघोळ झाली. मी विचारलं, तुले कसं कळलं जागी आहे म्हणून? तर म्हणे, रात्री आत ठेवलेला पाण्याचा तांब्या तसाच भरलेला दिसला. संडास कोणाले विचारू, या भेवानं नवी सून पाणीच पीत नाही. तिनं भोगलं होतं ना तिच्या वेळी."

"अन् पाया लागणं? त्या घरात तर मोठी माणसंच वीस असतील."

"तेच तर सांगून राहिली. आपल्या वेळी खोलीखोलीत हिंडावं लागे. एक मामसासू राहून गेली की वर्षभर फुगून बसे. हिच्या सासूनं सतरंजी टाकली, आजेसासूपासून वयानं साऱ्यांना ओळीनं बसवलं. पदर केसांले दोन पिना लावून पक्का केला, नाहीतर पोरगी पदरच सावरत राहते. थोरली मागं उभी. 'ह्या चुलत सासू, लांजीच्या. हे मामसासरे.' तिनं कानात सांगायचं, नवरीनं वाकायचं. आजेसासू तर म्हणाली, माझ्या पाया लागली की झालं, बाकीच्यांना हात जोड. पण बाकीचे ऐकतात का!"

"भासरे होते?"

"तिथंच तर माझा जीव वर आला. आपल्याकडं सून भासऱ्याच्या पायाले हात लावत नाही, हे त्या पोरीले काय माहीत? तिच्या माहेरी तसं काही नाही म्हणे. ती सरळ त्यांच्याकडं चालली. पण भासरा शहाणा! खाकरला, स्वतःच दोन पावलं मागं सरला, उंबऱ्यापल्याड उभा राहिला अन् म्हणाला, 'सूनबाई, तिथूनच. भुईले हात लाव, पोहोचलं मले.' कोणाले तिले टोकावंच नाही लागलं. सासूनं टोकलं असतं ना, तर वीस जणांपुढं तोंड उतरलं असतं तिचं."

"हे चांगलं केलं बाप्पा."

"अजून ऐक. नणंदेचं पोरगं, पाच वर्षांचं. नवी मामी आली म्हणून धावत आलं अन् तिच्या पायावर डोकं! सारे एकदम ओरडले, 'नको नको!' नवरीचा रंगच उडाला. तिले वाटलं आपलंच काही चुकलं."

"चुकायचं काय? भाच्याच्या पाया तर आपण लागतो."

"तुले माहीत, तिले नाही. तिच्याकडं लेकरंच मामा-मामीच्या पाया पडतात. इथं छत्तीसगडची हवा. छत्तीसगड, लांजी-बालाघाट अन् आपला भंडारा 1956 पर्यंत एकाच राज्यात होते, आपल्या सोयरिकी अजून तिकडं आहेत. छत्तीसगडात कौसल्या म्हणजे त्यांची लेक, रायपूरजवळ चंदखुरीले तिचं मंदिर आहे. मग राम साऱ्या मुलखाचा भाचा झाला, म्हणून भाच्याचा मान."

"मग नवरीनं केलं काय?"

"नणंदेनं पोराले उचलून पाटावर बसवलं. म्हणाली, 'वहिनी, आमच्याकडं हा देव आहे. तू याच्या पाया लाग, पण हा लय खोडकर देव आहे, लाडू मागते.' नवरी हसली बाप्पा! पहाटेपासून पहिल्यांदा. मग नणंदेनंच नवरीच्या हातानं पोराले लाडू देल्ला, अन् तिच्या शेजारी बसून पोह्यांची ताटली अर्धी-अर्धी केली. एकटीले नाही खाऊ देल्लं. सारे पाहून राहिले असले की पहिला घास गिळत नाही."

"सासू काय म्हणे?"

"सासूनं मोबाईल हातात देल्ला. 'आईले लाव, खोलीत जाऊन बोल, अन् दार लावून घे.' ते दार लावून घे म्हणाली ना, ते मले लय आवडलं. आपल्या वेळी चिठ्ठी टाकायची तरी पोस्टमनची वाट पाहावी लागे."

"अन् कोणी रुसलं नाही?"

"रुसलं ना! एक मामसासू. दीड तास उशिरा आली, ओळ उठून गेली होती, तरी तिले वाटते नवरीनं धावत यावं."

"कोण व? नाव सांग."

"हळू बोल, ती पाहा, बादली घेऊन नळावर आली. तू आपलं विचार, पाणी कधी येते आज?"