शिलकी पीएल

डिसेंबरचा शेवटचा आठवडा आला की साताऱ्याच्या एमआयडीसीतल्या आमच्या टाइम ऑफिसच्या खिडकीशी माणसं घुटमळू लागतात. थंडी कडक असते, हात खिशात असतात आणि प्रश्न एकच: "भाऊसाहेब, माझी पीएल किती उरलीय?" वर्षभर घड्याळाला बांधलेला माणूस त्या दिवशी आपण किती दिवसांचा मालक आहोत ते विचारायला येतो, आणि आकडा कळला की कावराबावरा होतो.

मी सांगलीला होतो तेव्हा हा प्रश्न क्वचितच येई. तासगाव-पलूसकडच्या कामगाराच्या द्राक्षबागेची ऑक्टोबरातली छाटणी निम्मी रजा खाऊन टाकी, उरलेली एप्रिलच्या खरड छाटणीला जाई. रजा शिल्लक राहते ती बहुधा ज्याला बाग नाही, त्याची.

आमच्या स्टोअरमधले अण्णा त्यातलेच. वर्षात 280 दिवस भरलेले, वीस दिवसांना एक या हिशेबाने चौदा दिवस कमावलेले. मागचे सव्वीस धरून चाळीस. पुढच्या वर्षात ओढता येतात तीस. वरच्या दहांच्या पैशांचं काय, हा प्रश्न 1948 च्या कारखाने अधिनियमाने मोकळाच ठेवला होता. रजा मागितली आणि नाकारली गेली, तर ती कितीही साठायची. मागितलीच नाही, तर तिशीवरची बुडायची. नोकरीत असताना पैसे मिळायचे ते युनियनच्या करारात तसं कलम असलं तर. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाची परिस्थिती संहितेने मात्र कामगाराला वर्षअखेरीस मागणी करून रजेचे पैसे घेण्याचा हक्क दिला, आणि तिशीवरची रजाही रोखीत घेता येईल असं म्हटलं. ग्यानबाची मेख 'मागणी' या शब्दात आहे. मागायचं म्हणजे लिहायचं, आणि लिहायचं म्हटलं की आपल्याकडच्या धडधाकट माणसालाही घाम फुटतो.

अण्णांनी घरून लिहून आणलेला अर्ज माझ्यापुढे ठेवला. "माझी प्रकृती उत्तम असल्याने व घरी कोणतेही कार्य नसल्याने मला रजेची आवश्यकता भासत नाही, तरी कृपावंत होऊन..." आयुष्यभर ताप, लग्नकार्य आणि चुलत्याच्या बाराव्याची पंगत दाखवून रजा मागितलेल्या माणसाला रजा न घेण्याचंही कारण द्यावंसं वाटलं होतं. मला हसू आलं, पण ते ओठांवर यायच्या आत विरलं. घरी कार्य नाही, हे अगदी खरं होतं. मुलगा पुण्याला, आणि घरात बोलायला आता एक रेडिओच.

"अण्णा, 'आवश्यकता नाही' हे काढा," मी म्हटलं. उद्या कोणी तेच वाक्य दाखवून म्हणेल, याला रजाच नको होती. कारण लिहायचंच नसतं. आम्ही दोघांनी मिळून असं लिहिलं: "विषय : शिल्लक भरपगारी रजेच्या रोखीकरणाबाबत. महोदय, 31 डिसेंबरअखेर माझ्या खाती 40 दिवस भरपगारी रजा शिल्लक आहे. पैकी 30 दिवस पुढील वर्षात ओढण्यात यावेत व उर्वरित 10 दिवसांचे रोखीकरण करून रक्कम माझ्या पगाराच्या खात्यात जमा करावी, ही विनंती." खाली टोकन नंबर, विभाग, तारीख, सही. इतकं कोरडं वाचून अण्णा हिरमुसले. 'कृपावंत' गेल्याचं त्यांना वाईट वाटलं.

मग भागाकार. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 20,800. सव्वीसने भागलं तर दिवसाचे 800, म्हणजे दहा दिवसांचे 8,000. तिसाने भागलं तर 6,933. एका साध्या भाजकात हजारावर रुपये अडकलेले, म्हणून तो करारात पाहून घ्यावा. शिवाय नोकरीत असताना घेतलेले हे पैसे पगारासारखेच करपात्र. निवृत्तीच्या वेळची सूट त्यांना लागू नाही.

"पैशाचं काय करणार?" मी विचारलं. "येत्या सप्टेंबरात कास बघीन म्हणतो. इतकी वर्षं साताऱ्यात काढली, पठारावर फूल पाह्यलं नाही." आता त्यासाठी रजा लागेल, हे माझ्या तोंडावर आलं होतं. अण्णाच म्हणाले, "रविवारी जाईन की." रविवारी कासला फुलांपेक्षा माणसं जास्त असतात, पण दहा दिवस विकून एका रविवारची स्वप्नं पाहणाऱ्याला हे कुणी सांगावं? शिवाय त्यांच्या खात्यावर तीस दिवस अजून होतेच, हे आम्ही दोघेही सोयीस्कर विसरलो होतो.

तुमचीही पीएल उरली असेल तर अर्ज दोन प्रतींत लिहा आणि एका प्रतीवर आवक शिक्का, तारीख अन् सही घेऊन ती घरी नेऊन ठेवा. तोंडी मागितलेल्या रजेचे पैसे अजून कुणाला मिळालेले मी पाहिलेले नाहीत.